पांगलेल्या बॅचचं गेट-टुगेदर: तारीख आणि जागा विचारायची कशी

आमच्या बॅचचं पंचविसाव्या वर्षाचं गेट-टुगेदर आधी एकदा बारगळलं होतं. भांडण झालं नाही, उत्साहही कमी नव्हता. कोणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सात तारखांचा पोल टाकला. दोन दिवसांत तेवीस जणांनी मत दिलं, एका तारखेला नऊ मतं पडली, "चला, ठरलं!" झालं. तिसऱ्या दिवशी परदेशातल्या एकीने विचारलं, "अरे, हे कधी ठरलं? माझ्या मुलांची शाळा चालू असते तेव्हा." मग आणखी दोघं बोलले, मग नवीन तारखा निघाल्या, मग कोणीतरी वाढदिवसाचा केक टाकला आणि विषय शुभेच्छांखाली गाडला गेला.

दुसऱ्या खेपेला आम्ही पाच जणांनी ते नीट केलं, आणि ते झालं. त्यात आम्ही काय विचारलं, कोणत्या क्रमाने विचारलं आणि आलेल्या उत्तरांचं काय केलं, ते इथे मांडतोय. जेवण, स्टेज, टी-शर्ट या भानगडी इथे नाहीत. माझ्या अनुभवात मेळावा तिथे अडत नाही, त्याच्या बराच आधी अडतो.

आधी यादी, मग प्रश्न

व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे बॅच नव्हे. ग्रुपमध्ये जे नाहीत, जे आहेत पण ग्रुप म्यूट करून बसलेत, आणि ज्यांचा जुना नंबर तिथे पडून आहे, असे तीन प्रकारचे लोक पोलच्या बाहेरच राहतात. म्हणून एक साधी शीट उघडा आणि हजेरीपटासारखी सगळी नावं लिहा. नावापुढे चार रकाने पुरतात: संपर्क, सध्याचं शहर, गट आणि "कोणाच्या संपर्कात". हा चौथा रकाना फार कामाचा आहे, का ते पुढे येईल.

आमच्या यादीत ७१ नावं होती. त्यातल्या ५८ जणांचा चालू नंबर किंवा ईमेल मिळाला. यापुढचे सगळे आकडे या ५८ वर मोजायचे, ग्रुपमधल्या मेंबरांवर नाही.

गटाच्या रकान्यात आम्ही तीनच शब्द ठेवले: स्थानिक, बाहेरगाव, परदेश. स्थानिक म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी परत जाऊ शकतो तो. बाहेरगाव म्हणजे देशातच, पण एक रात्र तरी मुक्काम लागेल असा. परदेश म्हणजे विमानाचं तिकीट, मोठी रजा आणि कधी कधी व्हिसा. या तिघांची अडचण वेगवेगळी असते, आणि उत्तरं एकत्र ओतली की ती दिसेनाशी होते.

आयोजकांत परदेशातला एकजण असलाच पाहिजे. उपकार म्हणून नाही. "त्या आठवड्यात तिकिटं दुप्पट होतात" हे त्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

तारखा विचारण्याआधी तारखा गाळा

"तुम्हाला कधी जमेल?" असा मोकळा प्रश्न टाकला तर ५८ जणांकडून ५८ उत्तरं येतील आणि त्यातली निम्मी "मला काय, कधीही चालेल" अशी असतील. ज्याला कधीही चालतं त्याला आयत्या वेळी कधीच जमत नाही, हा माझा अनुभव. त्यामुळे चारच पर्याय द्या, जास्तीत जास्त पाच, आणि ते आयोजकांनी आधी चाळून घेतलेले असू द्यात.

चाळणी लावताना पहिली गोष्ट मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या. इथे गोलार्ध आड येतो. उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच देशांत मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टच्या आसपास असते. दक्षिण गोलार्धात, म्हणजे ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये, तीच डिसेंबर-जानेवारीत येते. दोन्हीकडे मित्र असतील तर दोघांनाही सोयीचा महिना क्वचित सापडतो. पण वर्षाअखेरचे दोन आठवडे दोन्हीकडे कामं सैल असतात, एवढं धरून चालता येतं. अडचण अशी की तिकिटंही तेव्हाच महाग असतात. म्हणून चारपैकी एक पर्याय वर्षाअखेरचा ठेवा, चारही नको.

दुसरी गोष्ट म्हणजे अवधी. परदेशातल्यांना निदान नऊ महिने हवेत. रजा, तिकीट हे तर आहेच, शिवाय कागदपत्रं असतात. अनेक देश पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आहे का ते बघतात. काहींचा तिथला व्हिसा नूतनीकरणात अडकलेला असतो आणि तो हातात येईपर्यंत देश सोडणं धोक्याचं असतं. अशा माणसाला यायचं नसतं असं नाही, त्याला फक्त तीनच महिन्यांवर आलेली तारीख नको असते.

आणि प्रत्येक पर्याय हा दिवस नसून शनिवार-रविवारची जोडी असावी. एकच दिवस दिलात तर बाहेरगावचा माणूस मनातल्या मनात प्रवासाचे दोन दिवस जोडतो आणि "नाही" म्हणतो.

तारीख लिहिताना महिना अक्षरातच लिहा. ०५/०६ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी पाच जून, पण अमेरिकेत सहा मे. आमच्यातल्या एकाने याच घोळात चुकीच्या आठवड्याची रजा टाकली होती. "शनिवार-रविवार, ५-६ जून" असं वारासकट लिहिलं की शंका उरत नाही. वार आणि तारीख जुळते ना, हे कॅलेंडरवर बघून मगच पाठवा.

ग्रुपमधला पोल का पुरत नाही

व्हॉट्सॲपचा पोल झटपट आहे हे खरं. बारापर्यंत पर्याय देता येतात, आणि `Allow multiple answers` चालू ठेवलं तर एकाहून जास्त तारखाही निवडता येतात. पण त्याच्यात तीन खोट्या आहेत.

पहिली म्हणजे त्यात फक्त "हो" नोंदवता येतं. ज्याने तिसऱ्या पर्यायाला मत दिलं नाही, त्याला ती तारीख अशक्य आहे की फक्त थोडी गैरसोयीची, हे कळायला मार्ग नाही. दुसरी, `View votes` वर बोट ठेवलं की कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. मग चार जवळच्या मित्रांनी जिथे मत टाकलं तिथेच पाचवा टाकतो, आणि पहिल्या तासात जी तारीख पुढे गेली तीच पुढे जात राहते. तिसरी खोट वर सांगितलीच: केकच्या फोटोखाली पोल बुडतो.

ग्रुपचा पोल एका कामाला उत्तम. सगळं ठरल्यावर "शनिवारी रात्री मुक्काम करणार का?" असा हो-नाही प्रश्न विचारायला.

फॉर्ममध्ये नेमकं काय असावं

आम्ही गुगल फॉर्म वापरला. दुसरं कोणतंही साधन चालेल, फक्त त्यात प्रत्येक तारखेसमोर तीन उत्तरांपैकी एक निवडता आलं पाहिजे. गुगल फॉर्ममध्ये हा प्रकार `Multiple choice grid` या नावाने आहे: ओळींत तारखा, रकान्यांत उत्तरं. प्रश्नाच्या तळाशी असलेलं `Require a response in each row` चालू करा, नाहीतर लोक आवडत्या तारखेसमोर खूण करून बाकीच्या कोऱ्या सोडतात आणि आपण परत पोलच्याच जागी येतो.

तीन उत्तरांचे शब्द विचार करून ठेवा. "हो / कदाचित / नाही" आम्ही मुद्दाम टाळलं. "कदाचित" हे सभ्य नकाराचं दुसरं नाव आहे. आम्ही ठेवलं:

नक्की (आज तारीख ठरली तर रजा टाकेन)
जमवता येईल (काहीतरी हलवावं लागेल, पण हलवेन)
अशक्य (काही केलं तरी येता येणार नाही)

कंसातल्या वाक्यांनी बरंच काम केलं. "अशक्य" हा शब्द इतका कडक आहे की माणूस तो वापरण्याआधी थांबतो, आणि वापरला की तो खरा असतो.

त्याखाली चार छोटे प्रश्न होते. नाव, कारण निनावी फॉर्मवरून फोन कोणाला करायचा हे कळत नाही. सध्या कुठे राहता, म्हणजे गट लावता येतो. "एखादा मित्र किंवा मैत्रीण आली तरच मी येईन असं आहे का? असेल तर कोण?" हा प्रश्न मला आधी बालिश वाटला होता, पण अकरा जणांनी त्यात नाव लिहिलं, आणि त्यातली तिघं एकमेकींवर अवलंबून होत्या. तिघींपैकी एकीला फोन केला आणि तिघी आल्या. शेवटचा पर्याय: "मला यायचं नाही, पण कळवत राहा" किंवा "मला यायचं नाही, कळवूही नका." हा मोकळेपणाने दिला पाहिजे. शाळेच्या आठवणी सगळ्यांच्याच गोड नसतात.

सेटिंगमध्ये `Allow response editing` चालू ठेवा, कारण रजेचं चित्र बदलतं. `Limit to 1 response` मात्र बंद ठेवा. ते चालू केलं की गुगलच्या खात्यात लॉगइन करावं लागतं आणि तिथेच काही जण फॉर्म सोडून देतात. दोनदा भरलेला फॉर्म नावावरून सहज सापडतो, शेवटचा धरायचा. आणि कोणी चीनमध्ये असेल तर त्याच्याकडे गुगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही एरवी उघडत नाहीत. त्याला ईमेलवर प्रश्न पाठवा आणि त्याच्या वतीने फॉर्म स्वतः भरा.

निर्णयाचा नियम फॉर्मच्या वरच लिहा

मतं आल्यावर नियम ठरवला तर ज्याची तारीख हरली त्याला तो नियम आपल्याविरुद्ध केलेला वाटतो. आमच्या फॉर्मच्या डोक्यावर हे होतं:

"ज्या तारखेला सगळ्यात कमी जणांना 'अशक्य' आहे, ती तारीख. पण स्थानिक, बाहेरगाव, परदेश यांपैकी कुठल्याही एका गटात निम्म्याहून जास्त 'अशक्य' असतील तर ती तारीख बाद. बरोबरी झाली तर जिथे 'नक्की' जास्त, ती. फॉर्म १८ तारखेपर्यंत, तारीख २० ला जाहीर. त्यानंतर बदल नाही."

मुदतीबद्दल एक गोष्ट. "रविवारी रात्री बारापर्यंत" हे कोणाच्या रात्री बारापर्यंत? जगातली घड्याळं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे ते १४ तास पुढे अशी पसरलेली आहेत. म्हणजे तोच रविवार जगाच्या एका टोकाला संपल्यानंतर दुसऱ्या टोकाला संपायला आणखी २६ तास लागतात. मुदत "तुमच्या घड्याळाने १८ तारीख संपेपर्यंत" अशी द्या आणि मोजणी एक दिवस सोडून करा. वाद उरत नाही.

निरोपाची भाषाही सांगतो, कारण पहिला मसुदा आमच्यातल्या एका सरकारी नोकरीतल्या मित्राने केला होता आणि तो "आपणांस कळविण्यात येते की" असा सुरू होत होता. पाठवलेला असा होता: "अरे, दोन मिनिटांचं काम आहे, आत्ताच कर. चार तारखा आहेत, प्रत्येकीसमोर एक खूण. तू येणार नसलास तरी भर, म्हणजे तुला परत परत विचारणार नाही." शेवटच्या वाक्यानेच बऱ्याच जणांनी भरला. हा निरोप ग्रुपवर टाकण्याआधी प्रत्येकाला वेगळा पाठवा. ग्रुपवरचा निरोप सगळ्यांसाठी असतो, म्हणजे कोणासाठीच नसतो.

जे उत्तर देत नाहीत

पहिल्या आठवड्यात २९ फॉर्म आले. एका आठवणीनंतर आणखी ९. ३८ वर गाडी थांबली. दुसरी आठवण पाठवायचा मोह होतो, पण तिचा उपयोग होत नाही. ज्याने दोनदा वाचून सोडून दिलं तो तिसऱ्यांदाही सोडूनच देणार.

इथे यादीतला तो चौथा रकाना कामाला येतो. उरलेली २० नावं आम्ही पाच जणांत वाटली, प्रत्येकी चार, आणि वाटताना जो त्याच्या संपर्कात आहे त्यालाच ते नाव दिलं. निरोप नाही, फोन. फोनवरच चार तारखा वाचून दाखवायच्या आणि फॉर्म आपण भरायचा. १४ जणांनी उत्तर दिलं. तिघांनी यायचं नाही असं सांगितलं, तिघं लागलेच नाहीत. म्हणजे ५८ पैकी ५२ उत्तरं हातात.

या फोनमधून जे कळलं ते फॉर्मवर कधीच आलं नसतं. एकाला चाकाच्या खुर्चीवरून यायचं होतं आणि ते लिहायला त्याला संकोच वाटत होता. एकीची आई अंथरुणाला खिळलेली, तिला रात्रीचा मुक्काम शक्य नव्हता. जागा निवडताना या दोन गोष्टींनी दोन हॉटेलं बाद केली.

मोजणी: जिंकलेली तारीख आणि चालणारी तारीख

आता आकडे. ५२ जण: स्थानिक २१, बाहेरगाव १७, परदेश १४. चार पर्यायांना अ, ब, क, ड म्हणू. क्रम "नक्की / जमवता येईल / अशक्य" असा आहे.

अ: २५ / १० / १७
ब: २२ / १४ / १६
क: २४ / १९ / ९
ड: २० / १४ / १८

नुसती "नक्की" मोजली तर अ जिंकते, एका मताने. ग्रुपवरच्या पोलने हेच सांगितलं असतं. पण अ च्या पोटात बघा. स्थानिक गटात १६ / ३ / २, बाहेरगावच्यांत ८ / ५ / ४, आणि परदेशातल्या चौदांत १ / २ / ११. म्हणजे अ ही स्थानिक लोकांची तारीख होती. एरवीही महिन्यातून एकदा चहाला भेटतात तेच लोक तिथे पुन्हा भेटले असते.

क मध्ये स्थानिक १० / ८ / ३, बाहेरगाव ६ / ७ / ४, परदेश ८ / ४ / २. अ सोडून क घेतली तर स्थानिकांतला फक्त एक जण जास्तीचा अडतो, बाहेरगावचे तेवढेच राहतात, आणि परदेशातले नऊ मोकळे होतात. स्थानिकांची "नक्की" सोळावरून दहावर आली हे खरं, पण ती बहुतेक "जमवता येईल" मध्ये गेली, "अशक्य" मध्ये नाही. घराजवळचा माणूस काहीतरी हलवू शकतो. लांबचा शाळेची सुट्टी हलवू शकत नाही.

हे गटवार आकडे शीटमध्ये एका ओळीत निघतात. फॉर्मची उत्तरं `Form Responses 1` नावाच्या पानावर येतात. समजा गट `D` रकान्यात आहे आणि क तारखेचं उत्तर `G` मध्ये, तर:

```
=COUNTIFS('Form Responses 1'!D:D,"परदेश",'Form Responses 1'!G:G,"अशक्य*")
```

तारका विसरू नका. उत्तरात कंसातलं वाक्यही आहे, आणि तारका नसेल तर शीट पूर्ण मजकूर जुळवायला जाते आणि शून्य दाखवते. शून्य आलं म्हणजे कोणीच अडलेलं नाही असं समजून आमच्या एका मैत्रिणीने अर्धा तास आनंद केला होता. ओळीतले तीन आकडे मिळवून ते गटाच्या संख्येइतके होतात का, एवढं तपासलं की ही चूक पकडली जाते.

तारीख जाहीर करताना आकड्यांसकट करा, नावांशिवाय. "क ला फक्त ९ जणांना अशक्य आहे, बाकी कुठल्याही तारखेला १६ किंवा जास्त." यावर वाद घालणं अवघड जातं. त्या ९ जणांना मात्र जाहीर करण्याआधी एकेकट्याने फोन करा. ग्रुपवरून कळलं की माणूस दुखावतो.

जागा नंतर, आणि फक्त येणाऱ्यांना

तारीख आणि जागा एकाच फॉर्ममध्ये विचारायची नाही. जो येणारच नाही त्याच्या जागेच्या आवडीला किंमत नाही, आणि जो येणार आहे त्याची आवड तारखेवर ठरते: मुलं बरोबर असतील का, मुक्काम किती, ऋतू कोणता. म्हणून दुसरा फॉर्म फक्त त्या ४३ जणांना गेला ज्यांनी क ला "नक्की" किंवा "जमवता येईल" म्हटलं होतं. ४१ उत्तरं आली.

जागांची पसंती विचारताना मतं फुटतात. आमच्यापुढे चार पर्याय होते: शाळेचं सभागृह, शहरातलं हॉटेल, आणि शहराबाहेर मुक्कामाच्या दोन जागा. पहिली पसंती अशी पडली: हॉटेल १४, मुक्काम एक ११, मुक्काम दोन १०, सभागृह ६. हॉटेल जिंकलं? पण २१ जणांना बाहेर मुक्काम हवा होता, आणि तो दोन जागांत वाटला गेला म्हणून हरत होता.

आम्ही पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती विचारली होती, त्यामुळे तळातला पर्याय काढून त्याची मतं पुढे सरकवता आली. सभागृह बाद: त्याच्या सहापैकी चौघांची दुसरी पसंती हॉटेल, दोघांची मुक्काम एक. आता हॉटेल १८, मुक्काम एक १३, मुक्काम दोन १०. मग मुक्काम दोन बाद: नऊ मतं मुक्काम एकला, एक हॉटेलला. शेवटी मुक्काम एक २२, हॉटेल १९. आईजवळ रात्री परत जायचं होतं त्या मैत्रिणीसाठी शनिवारचा दिवसाचा कार्यक्रम शहराच्या बाजूला ठेवला, आणि खुर्चीसाठी तळमजल्याची खोली आधीच राखून घेतली.

इतकं करायचं नसेल तर निदान दोन पायऱ्यांत विचारा: आधी "दिवसभर की मुक्काम?", मग जो प्रकार जिंकला त्यातल्या जागा. सारख्या पर्यायांनी एकमेकांना पाडण्याची पाळी येत नाही.

पैशाचा प्रश्न

हा खासगीच विचारायचा. याचं उत्तर एकट्या खजिनदाराला दिसेल असा वेगळा फॉर्म केलात तर उत्तम. "किती खर्च करू शकता?" असं विचारू नका, त्यावर लोक शान राखतात. "माणशी किती झाले तर विचार न करता हो म्हणाल?" असं विचारून पाच टप्पे द्या.

आमच्याकडे खालून वर ३, ८, १४, ९, ७ अशी उत्तरं पडली. सरासरी काढली तर तिसरा टप्पा येतो, आणि तिथे थांबलो असतो तर ११ जणांना तो जड गेला असता. ते तसं बोलले नसते, त्यांचं आयत्या वेळी "ऑफिसचं काम" निघालं असतं. आम्ही दुसरा टप्पा धरला. त्याच्याखाली तिघं उरले. वर्गणीच्या पुढे ऐच्छिक रक्कम देण्याची ओळ ठेवली होती, वरच्या टप्प्यातल्यांनी ती भरली, आणि खजिनदाराने त्या तिघांचं परस्पर जुळवलं. बाकीच्या आम्हा चौघांना ती तीन नावं आजही माहीत नाहीत.

"नक्की" आणि खरंच येणं

जागा ठरल्यापासून तीन आठवड्यांत माणशी रकमेचा एक हिस्सा आगाऊ घ्या, आणि तो कधीपर्यंत परत मिळेल ती तारीख आधीच सांगा. ती तारीख हॉटेलने आपल्याला दिलेल्या मुदतीच्या आठवडाभर आधीची ठेवा, नाहीतर मधल्या दिवसांतली गळती आपल्या खिशातून जाते. परदेशातून पैसे पाठवायला शुल्क आणि वेळ लागतो. त्यांच्याकडून आगाऊ रकमेऐवजी तिकीट काढल्याचा निरोप धरला तरी चालतं, तिकीट ही त्याहून मोठी आगाऊ रक्कम आहे.

४३ जणांपैकी ३७ जणांनी पैसे भरले किंवा तिकीट काढलं. आले ३४. परदेशातल्या बारांपैकी नऊ. जागेला आकडा सांगताना आम्ही ४३ न सांगता भरलेल्या पैशांवरचा ३७ सांगितला होता, त्यामुळे फक्त तीन ताटं जास्त झाली.

ज्या नऊ जणांना क अशक्य होती, त्यांच्यासाठी शनिवारी अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल ठेवला. वेळ कळवताना आमची वेळ आणि यूटीसी दोन्ही लिहिल्या, कारण काही देशांत घड्याळं वर्षातून दोनदा एका तासाने सरकतात आणि सगळीकडे एकाच दिवशी सरकत नाहीत. तरी एकजण तासभर आधीच येऊन बसला. आम्ही कॉल सुरू केला तेव्हा तो पडद्यावर एकटाच होता, शाळेचा जुना ग्रुप फोटो कॅमेऱ्यासमोर धरून, मागच्या रांगेतल्या तिघांची नावं विचारत.